तिसरं मागणं

“ह्यांना कळता कामा नये,” आई म्हणाली. डॉक्टरांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

लातूरच्या त्या दवाखान्यात आम्ही दोघंच आत होतो, आई आणि मी. अण्णा बाहेर बाकावर शहाळं पीत बसले होते. डॉक्टर भला माणूस होता. त्याने फोटो उजेडाच्या पेटीवर लावून नीट समजावलं. गाठ स्वादुपिंडात होती. ती यकृतापर्यंत गेली होती, आणि पित्ताची नळी दाबल्यामुळे कावीळ उतरत नव्हती. आम्ही महिनाभर गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध देत बसलो होतो. शहाणपणा आमचा!

“किती दिवस?” मी विचारलं.

आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी ओरडायचाच राहिलो.

“दोन महिने,” डॉक्टर म्हणाले. “कमीही. हैदराबादला ऑपरेशन करता येईल. पित्ताला वाट करून देतात. कावीळ थोडी उतरेल, अंगाची खाज कमी होईल. पण आजार तिथेच राहील. आणि त्यांच्या अंगात ताकद किती उरलीय ते तुम्ही बघताच आहात. टेबलावरून परत येतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.”

आईला त्यातलं ‘ऑपरेशन’ तेवढं ऐकू आलं. बाहेर येईपर्यंत तिचा चेहरा एकदम तयार झाला होता. अण्णांसमोर उभी राहून ती म्हणाली, “काही नाही हो. पित्ताशयाला सूज आहे. हैदराबादला एक छोटं ऑपरेशन केलं की झालं.”

अण्णांनी शहाळं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी म्हणालो, “हो, सूजच आहे.” पंचेचाळीस वर्षांचा घोडा, बापाच्या तोंडावर खोटं बोललो आणि जीपचं दार उघडायला पळालो.

मी मुकुंद घाटनांदूरकर. अंबाजोगाईत पंपाच्या आणि मोटारींच्या वाइंडिंगचं माझं दुकान आहे. अण्णा, म्हणजे वामनराव घाटनांदूरकर, शाळेत एकतीस वर्षं संस्कृत शिकवत होते. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा संस्कृतात दोनदा नापास. गावात यावर पुष्कळ विनोद झाले. अण्णांनी स्वतः कधी केला नाही, एवढं त्यांचं मोठेपण. “तांब्याची तार गुंडाळतोस, तीही एक विद्याच आहे,” असं म्हणायचे. म्हणताना हसायचे मात्र.

आमच्या घरात एक रीत होती. दिवेलागणीला देवापाशी निरांजन लागलं की घरात असेल त्याने तिथे यायचं आणि तीन ओळी म्हणायच्या. असतो मा सद्गमय. तमसो मा ज्योतिर्गमय. मृत्योर्मामृतं गमय. खोट्यातून मला खऱ्याकडे ने, अंधारातून उजेडाकडे ने, मरणातून अमरपणाकडे ने. शुभंकरोति नाही, आरती नाही, एवढंच. अण्णा हळू म्हणायचे, अगदी ओठातल्या ओठात. आम्ही मोठ्याने म्हणायचो. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, तुम्ही कुजबुजता का? तर म्हणाले, “ते तसंच म्हणायचं असतं.” पुढे मी विचारलं नाही. अभ्यासाचं काही निघेल या भीतीने मी अण्णांना कधीच दुसरा प्रश्न विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून वसुताई आली. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिने घरात पाऊल टाकल्या टाकल्या सूत्रं हातात घेतली. भेटायला येणाऱ्यांना ओसरीतच गाठून दम द्यायची, “आत जाऊन काही बोलायचं नाही. पित्ताशयाची सूज आहे.” माझ्या बायकोला माहेरी पाठवलं, कारण तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. लातूरचे कागद पिठाच्या डब्यामागे लपवले. हैदराबादची तारीख ठरवली, पुढच्या शुक्रवारची. जीप सांगितली.

आणि त्या संध्याकाळी मी देवापाशी चाललो होतो, तर आईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“आज तुला म्हणायचंय. ह्यांना बसवत नाही, पडूनच ऐकतील.”

“बरं.”

“तिसरं म्हणू नकोस.”

“काय?”

“ते तिसरं रे. मृत्योर्मा. तो शब्द नको आता घरात.” आईचा आवाज कडक होता. “दोनच म्हण आणि शांतिः म्हणून मोकळा हो.”

“अगं पण अण्णांच्या लक्षात येणार नाही का?”

“नाही येत,” ताई चुलीपाशी उभी राहून म्हणाली. “ग्लानीत असतात. आणि आलं तरी समजतील की तू विसरलास. तुझी ख्याती आहेच.”

मी गेलो. निरांजन लावलं. असतो मा सद्गमय म्हटलं. तमसो मा ज्योतिर्गमय म्हटलं. पुढे तोंड उघडलं आणि ताईने दारातून डोळे वटारले. मी शांतिः शांतिः शांतिः करून उठलो. अण्णा खाटेवर पाठमोरे होते. त्यांनी काही हालचाल केली नाही. मला वाटलं, झोपलेत. सुटलो म्हणून मी अंगणात जाऊन एक विडी ओढली.

पुढचे आठ दिवस मी रोज दोन ओळी म्हणत होतो.

ते आठ दिवस मला आजही नकोसे वाटतात. अण्णांच्या अंगाला अशी खाज सुटायची की ते नखांनी दंड सोलून काढत. आईने त्यांच्या हातांना सुती पंचे गुंडाळून ठेवले होते. जेवण म्हणजे चार चमचे ताकभात, तोही अर्धा बाहेर. रोज सकाळी विचारायचे, “कधी बरं वाटेल रे?” आम्ही तिघं एका सुरात सांगायचो, “ऑपरेशन झालं की पंधरा दिवसांत.” शाळेतली पोरं गुरुजींना उत्तर देतात तसं. एकदा ते म्हणाले, “मग ऑपरेशन इथेच नाही का होणार? घर सोडून जायचं जिवावर येतं.” आई म्हणाली, “इथे ती सोय नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. त्या न विचारण्याचा मला जास्त त्रास झाला.

मी ताईला अंगणात गाठलं. “आपण त्यांना फसवून नेतोय. त्यांना जायचं नाहीये. खरं सांगितलं तर ते येणारच नाहीत.”

“म्हणूनच सांगायचं नाही.”

“ताई, टेबलावर गेले तर? अनोळखी गावात, अनोळखी माणसांत?”

“आणि इथे काय करशील? खाजवून खाजवून मरताना बघत बसशील?” ताईचा आवाज फाटला. “एक वाट आहे ना? मग जाऊ दे ना मला त्या वाटेने! तुझ्यासारखं हातावर हात ठेवून बसता येत नाही मला.”

ती चूक होती असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे एक तारीख होती, तिला धरायला तेवढंच होतं. माझ्याकडे तेही नव्हतं. मी दुकानात जाऊन बसायचो आणि जळक्या मोटारी तशाच पडून राहायच्या. दोनदा घराकडे निघालो ते सांगायचंच असं ठरवून. दोन्ही वेळा उंबऱ्यापासून मागे फिरलो. बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुम्ही मरणार? ज्याने जन्म दिला त्याला?

गुरुवार उजाडला. उद्या पहाटे जीप यायची होती. दुपारी जेवणं झाल्यावर अण्णा आईला म्हणाले, “उद्या जायचं ना? मग योगेश्वरीची ओटी भरून या. वसूला घेऊन जा. मुकुंदा आहे माझ्यापाशी.”

आईला ते पटलं. दोघी नारळ, खण घेऊन गेल्या. दारापर्यंत त्यांच्या चपलांचा आवाज गेला. मग अण्णा म्हणाले, “दाराला कडी लाव.”

मी कडी लावली.

“वरच्या फळीवर लाल कापडात एक पोथी आहे. जाडी. ती काढ.”

मी स्टूल घेऊन काढली. धूळ झटकली. वर नाव होतं, बृहदारण्यकोपनिषद्.

“पहिला अध्याय उघड. त्यातलं तिसरं ब्राह्मण, म्हणजे तिसरं प्रकरण. अगदी शेवटी, अठ्ठाविसावी कंडिका.”

“अण्णा, मला कुठे...”

“आकडे वाचता येतात ना? मोटारीचे आकडे वाचतोस तसे वाच.”

मला सापडायला वेळ लागला. अण्णांनी घाई केली नाही. पंचा गुंडाळलेला हात छातीवर ठेवून ते डोळे मिटून पडले होते.

“सापडलं,” मी म्हणालो. “अण्णा! हे आपलंच आहे की. असतो मा सद्गमय.”

“तुला काय वाटलं, ते तुझ्या आजोबांनी रचलं?” ते किंचित हसले. मग श्वास घेऊन सावकाश बोलू लागले. मध्ये मध्ये थांबत होते. “आपण शुक्ल यजुर्वेदी. आपल्या वेदाचा मोठा ग्रंथ शतपथ ब्राह्मण. त्याच्या अगदी शेवटाला हे उपनिषद आहे. आपली शाखा माध्यंदिन, ही छापील पोथी काण्व शाखेची, पण ह्या ओळी तिथेही ह्याच. आता हे कुठे म्हणायचं ते वाच. त्याच्या आधी काय लिहिलंय?”

मी अडखळत वाचलं. पवमान, प्रस्तोता, असे शब्द होते.

“सोमयाग असतो. दिवसातून तीनदा सोमाचा रस काढतात, आणि त्या वेळी गाणारे ऋत्विज जी स्तोत्रं गातात ती पवमान. त्यातला एक, प्रस्तोता, गाण्याची सुरुवात करतो. तो सुरुवात करतो ना, त्याच क्षणी यजमानाने, म्हणजे ज्याच्यासाठी यज्ञ चाललाय त्याने, ह्या तीन ओळींचा जप करायचा. गाणं दुसऱ्याचं, जप ह्याचा. म्हणून मी ओठातल्या ओठात म्हणायचो. ह्या जपाला अभ्यारोह म्हणतात. वर चढणं.”

“मग आपण घरात का म्हणतो? यज्ञ कुठाय?”

“वेडा आहेस का? आवडतं म्हणून म्हणतो. सगळ्या शाळा म्हणतात. ते शांतिः शांतिः पण तिथे नाही, बघ. आपण मागून जोडलं.” त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी पाजलं. घोटभर आत गेलं, बाकी हनुवटीवरून उतरलं. मी पंच्याने पुसत होतो आणि ते माझा हात बाजूला सारून पुढे बोलायला बघत होते.

“अण्णा, पडा जरा. संध्याकाळी सांगा.”

“संध्याकाळी तुझी आई असते.” ते मला दम देत म्हणाले. “त्याच ब्राह्मणात आधी एक गोष्ट आहे. देवांनी असुरांवर मात करायला गाणं गायचं ठरवलं. आधी वाणीला सांगितलं, तू गा. ती गायली, पण गोड तेवढं स्वतःसाठी ठेवलं. असुरांनी तिला पापाने वेधलं. म्हणून वाणी नको ते बोलते. मग नाक, डोळा, कान, मन, सगळ्यांचं तेच झालं. शेवटी तोंडातल्या प्राणाला सांगितलं. त्याला वेधायला गेले तर असुरच दगडावर आपटलेल्या ढेकळासारखे फुटले.” ते थांबले आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “आपल्या घरातल्या तिघांच्या वाणीलाही आठ दिवस झाले, तसंच वेधलंय.”

मी पोथी मिटायला गेलो.

“पुढे वाच. ओळींच्या खाली. ते उपनिषद स्वतःच सांगतं, कुठल्या ओळीचा अर्थ काय. वाच, वाच. मृत्युर्वा असत्.”

“मृत्युर्वा असत्, सदमृतम्,” मी वाचलं.

“असत् म्हणजे काय?”

मी त्याच ओळीवर बोट फिरवत राहिलो.

“मुकुंदा. सोपं आहे. मृत्युर्वा असत्.”

“असत् म्हणजे... मृत्यू.”

“सत् म्हणजे?”

“अमृत.”

“पुढची ओळ. मृत्युर्वै तमः.”

“तम म्हणजे मृत्यू,” मी म्हणालो. मला आता सगळं दिसायला लागलं होतं. “ज्योती म्हणजे अमृत.”

“म्हणजे पहिल्या मागण्यात काय मागितलं? मला मरणातून अमृताकडे ने. दुसऱ्यात? तेच. तिन्ही मागणी एकच आहेत. पहिल्या दोहोंना अर्थ सांगावा लागतो, कारण तिथे मरण झाकलेलं आहे. आता तिसऱ्याबद्दल काय लिहिलंय?”

“नात्र... नात्र तिरोहितमिवास्ति.”

“इथे काही लपलेलं नाही.” अण्णांनी ते दोनदा म्हटलं. “तिसऱ्याला अर्थच सांगितलेला नाही, कारण त्यात झाकलेलं काहीच नाही. आणि तुम्ही शहाण्यांनी ते तेवढं गाळलंत. झाकलेलं मरण रोज दोन ओळींतून माझ्या कानाशी म्हणत होतास, आणि उघडं तेवढं नको.”

“आई म्हणाली...”

“मला ठाऊक आहे कोण म्हणालं. पहिल्याच दिवशी कळलं. एकतीस वर्षं मी लोकांच्या पोरांना हे शिकवलं. एक ओळ गाळलेली मला कळणार नाही? मी वाट बघत होतो. म्हटलं, उद्या म्हणेल. परवा म्हणेल. तू म्हणालाच नाहीस.” त्यांचा आवाज खाली आला. “उद्या जीप आहे. आता सांग. मला काय झालंय?”

मी उठून खिडकीशी गेलो. बाहेर रस्त्यावर कोणीतरी भंगारवाला ओरडत चालला होता. मला वाटलं, ह्या क्षणी देवळातून दोघी परत याव्यात. दार ठोठावावं. देवा, काहीतरी कर, कुणीतरी दार ठोठावा!

“मुकुंदा.”

“पित्ताशयाला...”

“इकडे ये.”

मी गेलो. खाटेच्या कडेला बसलो. त्यांनी पंचा गुंडाळलेला हात माझ्या मांडीवर ठेवला. बोटं दिसत नव्हती, नुसता पंचा होता, आणि त्यातून त्यांची धग जाणवत होती.

“कॅन्सर आहे,” मी म्हणालो. “स्वादुपिंडात. यकृतात गेलाय. डॉक्टर म्हणाले, दोन महिने. कमीही असतील. ऑपरेशनने आजार जाणार नाही, नुसती कावीळ थोडी उतरेल. तेही टेबलावर...” पुढे माझ्याने बोलवेना. मी लहान पोरासारखा हमसाहमशी रडायला लागलो.

मला वाटलं होतं, अण्णा शांत राहतील. उपनिषद वाचणारा माणूस, चष्म्यावरून बघत काहीतरी थोर बोलेल. तसं काही झालं नाही. त्यांचा चेहरा एकदम आक्रसला आणि त्यांनी माझी मांडी घट्ट धरली, पंच्याच्या आतून.

“मला भीती वाटते रे,” ते म्हणाले. “मुकुंदा, मला फार भीती वाटते.”

“अण्णा...”

“कुणाला सांगता येत नव्हतं. तुम्ही सगळे पंधरा दिवसांत बरं वाटेल म्हणता, मग मी कुणाला सांगू, की मला मरायचं नाही? रात्रभर छताकडे बघत पडतो. मनात एकच, कसं होईल, दुखेल का, श्वास कोंडेल का. शेजारी तुझी आई झोपल्याचं सोंग करते. मीही करतो.”

मी त्यांना कवटाळलं. आयुष्यात पहिल्यांदा. अंगात नुसती हाडं होती आणि काविळीचा एक आंबट वास.

बऱ्याच वेळाने ते जरा सावरले. “ते शेवटचं क्रियापद ऐकतोस ना रोज? गमय. ने. पोचव. माणूस तिथे चालत जातो असं म्हटलेलं नाही. त्याला जाता येत नाही, म्हणून तो म्हणतो, मला ने. मी पोरांना शिकवताना हे सांगायचो आणि पुढच्या धड्याकडे जायचो.” त्यांनी डोळे पुसायचा प्रयत्न केला, पंच्याने नुसते ओले गाल चोळले गेले. “मी हैदराबादला जाणार नाही. मला ह्याच खाटेवर राहू दे. तेवढं कर माझ्यासाठी.”

“आई ऐकेल का?”

“तिचं मी बघतो. तू फक्त जीप थांबव.”

तेवढ्यात दार वाजलं. मी कडी काढली. ताई आधी आत आली. माझे सुजलेले डोळे पाहिले, उघडी पोथी पाहिली, अण्णांचा चेहरा पाहिला. हातातला नारळ तिने जोरात ओट्यावर आपटला.

“सांगितलंस?”

“हो.”

“मेल्या!” ती माझ्या अंगावर धावून आली. तिने खरंच मला मारलं, छातीवर, दोन्ही मुठींनी. “जगायची एक काडी होती त्यांच्याकडे, तीही हिसकावलीस! आता ते येतील का? कशासाठी येतील? तूच मारलंस त्यांना, लक्षात ठेव!”

“वसू,” अण्णा म्हणाले. “मी विचारलं. त्याने सांगितलं. मला जायचं नाही.”

“अण्णा, पण...”

“मला इथेच राहायचंय. तुझ्या मेहनतीचं वाईट वाटून घेऊ नकोस.”

ताई हुंदका गिळत मागे सरकली. आणि आई अजून उंबऱ्यातच उभी होती, ओटीचं ताट हातात धरून. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. मी तयार होतो. मी मार खायला तयार होतो, शिव्या खायला तयार होतो. पण आई सावकाश आत आली. ताट कोनाड्यात ठेवलं. खाटेपाशी गेली आणि अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुम्हाला माहीत आहे?” तिने विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग आता तरी मला तुमच्यासमोर रडू द्या,” आई म्हणाली.

आणि ती रडली. पदर तोंडाशी न लावता, आवाज न दाबता, खाटेच्या कडेला बसून, आम्ही दोघं पोरं समोर असताना. एवढ्या वर्षांत ती कधी आमच्यासमोर त्यांच्या खाटेवर बसलेली मी पाहिली नव्हती. रडता रडता बोलत होती. न्हाणीघरात बादलीत पाणी सोडून कशी रडायची ते सांगत होती, ओल्या पदराचं कारण कसं सांगायची ते सांगत होती. अण्णांनी तिला अडवलं नाही. पंचा गुंडाळलेला हात तिच्या पाठीवरून फिरवत ते स्वतःही रडत होते, आणि मध्येच म्हणत होते, “अगं, मला वाटलं तुलाच सोसवणार नाही. मीच गप्प राहिलो.”

“मला वाटलं तुम्हाला,” आई म्हणाली.

आम्ही दोघं बाहेर ओसरीवर येऊन बसलो. ताईने डोकं खांबाला टेकवलं. आतून दोघांच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच बोलण्याचा. शब्द कळत नव्हते. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं.

“बावन्न वर्षं झाली त्यांच्या लग्नाला,” ताई म्हणाली. “आणि ह्या आठ दिवसांत मी त्यांना एकमेकांशी एक शब्द खरा बोलू दिला नाही.”

 

अण्णा त्यानंतर चोवीस दिवस जगले. खाज थांबली नाही, शेवटच्या आठवड्यात दुखणं फार वाढलं. त्यांची भीतीही गेली नाही. शेवटी शेवटी ते आईचा हात सोडत नसत. ताईने मला क्षमा केली का, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. आम्ही ते बोललोच नाही. पण त्या गुरुवारी ओसरीवर बसलेली असताना तिने पदराने तोंड पुसलं, चपला पायात सरकवल्या आणि पुन्हा काढल्या.

“तूच जा,” ती मला म्हणाली. “माझ्याने जाववत नाही. जीपवाल्याला सांगून ये, उद्या येऊ नकोस म्हणून.”